‘माझं नाव सांगा की त्यांना’: मनात शंका असलेल्या माणसाची ओळख करून देताना पडणारे प्रश्न

कुणीतरी ओळख मागतं. नोकरीसाठी, फ्लॅटच्या इंटिरिअरच्या कामासाठी, दुकानाला माल पुरवण्यासाठी. मागणारा ओळखीचा असतो आणि ज्याच्याकडे पाठवायचं तोही ओळखीचाच असतो. मनात मात्र खुटखुट असते. इथली उत्तरं अशाच कामाधंद्याच्या ओळखींपुरती आहेत. लग्नाच्या स्थळांचा मामला वेगळा आहे, तो इथे घेतलेला नाही.

मला शंका आहे, पण ती खरी शंका आहे की नुसती नावड, हे कसं ठरवायचं?

ती एका वाक्यात मांडून पाहा. वाक्यात काय घडलं, कुठे घडलं आणि ते तुम्हाला कसं कळलं हे आलं पाहिजे. ‘माझ्या मेहुण्याच्या घरचं काम गणपतीपर्यंत द्यायचं ठरलं होतं, ते दिवाळीनंतर झालं, मी स्वतः तिथे जात-येत होतो.’ ही शंका झाली. ‘का कोण जाणे, माणूस पटत नाही’ ही शंका नव्हे. आडनाव, गाव, बोलण्याची ढब यावरून काही वाटत असेल तर तीही शंका नव्हे. ते तिथल्या तिथे बाजूला ठेवा.

वाक्य तयार झालं की पुढचा प्रश्न विचारा: ही शंका नेमकी कशाबद्दल आहे? सचोटीबद्दल, कसबाबद्दल की सवयींबद्दल? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पैशाच्या व्यवहारात खोटेपणा दिसला असेल, दिलेला चेक परत गेला असेल, एकाच्या अ‍ॅडव्हान्सवर दुसऱ्याचं काम उरकलं असेल, तर ओळख करून द्यायचीच नाही, मऊसूत भाषेतही नाही. कसबाबद्दल शंका असेल, म्हणजे ‘याने एवढं मोठं काम कधी केलेलं नाही’, तर ती उघड सांगून ओळख देता येते, कारण कसब समोरच्याला तपासता येतं. सवयींचं मधलं प्रकरण सगळ्यात जास्त वेळा समोर येतं. माणूस प्रामाणिक असतो, हात चांगला असतो, पण तारीख पाळत नाही किंवा फोन उचलत नाही. डोकं खाजवायला लावतात ती अशीच माणसं.

ओळख द्यायची किंवा नाही द्यायची, एवढेच दोन मार्ग आहेत का?

नाही, मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची म्हणजे शब्द टाकणं: ‘डोळे झाकून काम द्या.’ त्याखाली तुमच्या अनुभवापुरती शिफारस येते. त्याखाली शिफारस नसलेली ओळख: ‘हे अमुक काम करतात, मला त्यांच्या कामाची माहिती नाही, तुम्ही तपासून घ्या.’ त्याच्याही खाली नुसती वाट दाखवणं असतं. म्हणजे ‘त्यांच्या कंपनीच्या साइटवर जागा निघाली आहे, थेट अर्ज कर’ एवढंच सांगायचं. यात तुमचं नाव कुठे येत नाही. आणि सगळ्यात तळाशी नकार.

शंका असेल तेव्हा पायरी खाली उतरायची. मात्र आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे दोघांनाही कळलं पाहिजे. बहुतेक घोटाळा इथेच होतो. तुम्ही शिफारस नसलेली ओळख देता आणि मागणारा समोरच्याला जाऊन सांगतो, ‘यांनीच पाठवलंय, एकदम घरचा माणूस म्हणून.’ समोरच्याच्या लेखी तुम्ही शब्द टाकलेला असतो. म्हणून ओळख तोंडी देऊ नका. समोरच्याला स्वतः दोन ओळी लिहून पाठवा.

आधी दोन्ही बाजूंना विचारायचं म्हणजे काय?

नंबर देण्याआधी समोरच्याची परवानगी घ्यायची. हे शिष्टाचाराचं वाटतं, पण शंका असेल तेव्हा त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. परवानगी मागताना समोरच्याशी एकट्याने बोलायला मिळतं आणि नाही म्हणायची सोय त्याला राहते. तिघांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून ‘भेटा एकमेकांना’ म्हटलं की ती सोय संपली. समोरचा भिडेखातर भेटतो, आणि तुम्हाला जे सांगायचं होतं ते आता तिघांसमोर सांगता येत नाही.

परवानगीच्या निरोपात नाही म्हणायची वाट तुम्हीच मोकळी करून द्या. ‘गरज नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, मी त्यांना माझ्या पद्धतीने सांगेन’ एवढं वाक्य पुरतं. ते नसेल तर समोरच्याला वाटतं, हो म्हटलं नाही तर यांना वाईट वाटेल.

एखादं उदाहरण पूर्ण उलगडून सांगाल का?

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. बायकोचा मामेभाऊ इंटिरिअरची कामं घेतो. त्याचा फोन येतो: ‘दाजी, तुमच्या ऑफिसातल्या मॅडमनी वाकडला फ्लॅट घेतलाय म्हणे. माझं नाव सांगा की त्यांना. रेट घरचाच लावतो.’

तुम्हाला त्याचं काम माहीत आहे. तुमच्या मेहुण्याच्या घरी त्याने किचन आणि दोन वॉर्डरोब केले होते. लॅमिनेटचे जोड स्वच्छ, ट्रॉल्या आजही सुरळीत सरकतात. पण दुसरा हप्ता हातात पडल्यावर सुतार तीन आठवडे गायब होते, कारण ते दुसऱ्या साइटवर लावले होते. काम अडीच महिने लांबलं. पैसे बुडाले नाहीत, मालही ठरल्यापेक्षा हलका वापरला नाही. म्हणजे सचोटी ठीक, कसब उत्तम, सवय वाईट.

आता मॅडमची बाजू बघा. त्या भाड्याच्या घरात राहतात आणि भाडेकरार संपत आला आहे. म्हणजे याची जी खोड आहे, नेमकी तीच त्यांना महागात पडणार. त्यांना राहायची घाई नसती, फ्लॅट नुसता सजवून ठेवायचा असता, तर हीच खोड फार मोठी नव्हती. शंकेचं वजन असं करायचं: माणूस किती वाईट हे मोजत बसू नका. त्याची ही खोड या घरात किती नुकसान करेल ते बघा.

पहिलं पाऊल म्हणजे मामेभावाशी बोलणं. मॅडमशी नंतर. त्याला सरळ सांगायचं:

‘अरे, नाव सांगतो. पण त्यांना मी काय सांगणार ते आधी तुला सांगतो. तुझं काम सुबक असतं, हे सांगणार. मेहुण्यांकडे अडीच महिने उशीर झाला होता, हेही सांगणार. त्यांना भाड्याचं घर सोडायचंय, त्यामुळे तारखेचं त्या विचारतीलच. चालत असेल तर सांग.’

इथे तीनपैकी एक काहीतरी होतं. तो ‘चालेल’ म्हणतो आणि उशिराचं कारण सांगतो. मग तुमच्या हातात दोन्ही बाजू येतात. किंवा तो म्हणतो, ‘राहू द्या दाजी, तेवढं सोडून सांगता येत नसेल तर नको.’ मग नकार त्याचा झाला, तुमचा नाही. किंवा तो चिडतो. चिडला तर तुमचा निर्णय सोपा होतो, कारण मॅडमनी उशिराबद्दल विचारल्यावर तो त्यांच्यावरही असाच चिडणार आहे.

तो ‘चालेल’ म्हणाला असं धरू. मग मॅडमना:

‘मॅडम, माझ्या बायकोचा मामेभाऊ इंटिरिअरची कामं करतो. नातेवाईक आहे, हे आधीच सांगतो. आमच्या एका घरी त्याने किचन आणि वॉर्डरोब केले, काम चांगलं आहे, हवं तर दाखवायला नेतो. पण तिथे ठरल्यापेक्षा अडीच महिने उशीर झाला होता. तुम्हाला जागा बदलायची घाई आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. आणखी एक-दोन कोटेशन घ्याच. नको असेल तर मोकळेपणाने सांगा, मी त्याला सांगेन.’

या निरोपातलं नात्याचं वाक्य गाळू नका. ते नंतर कळलं तर आधीचं सगळं बोलणं पातळ होतं. प्रत्यक्ष काम बघायला नेण्याची तयारी दाखवलीत की तुमच्या मतापेक्षा त्यांच्या डोळ्यांवर भार जातो, आणि तेच हवं आहे.

मॅडमनी विचारलंच, ‘मग द्यावं का काम?’ तर हो किंवा नाही म्हणू नका. कोणत्या अटींवर द्यावं ते सांगा. अर्धी रक्कम आधीच देऊ नये. पैसे टप्प्याने द्यावेत, प्रत्येक टप्पा डोळ्यांनी दिसेल असा असावा: प्लायवुड साइटवर आलं, सांगाडे उभे राहिले, लॅमिनेट आणि हार्डवेअर लागलं. शेवटचा हप्ता ताबा घेऊन बारीकसारीक दुरुस्त्या झाल्यावरच. सिंकखालच्या कपाटाला पाण्यात टिकणारं, म्हणजे आयएस 710 शिक्क्याचं प्लाय हवं असेल तर ते कोटेशनमध्येच लिहून घ्यावं. हे कुठल्याही ठेकेदाराला लागू आहे, पण ज्याचे सुतार दुसऱ्या साइटवर जातात त्याच्या बाबतीत टप्प्याचा हप्ता हीच एकमेव वेसण असते.

एवढं झालं की तुम्ही बाजूला. रोज दोघांकडून ‘काय झालं’ विचारत राहिलात तर तुम्ही नकळत साइट सुपरवायझर होता, आणि उशीर झाला की पहिला फोन तुम्हालाच येतो.

‘चांगला मुलगा आहे’ एवढं मोघम लिहून सुटता येत नाही का?

येतं, पण दोघांपैकी एकाची फसगत होते. अनुभवी माणूस मोघम शिफारस वाचून ओळखतो की लिहिणाऱ्याला काहीतरी सांगायचं नाही. मग मागणाऱ्याचं नुकसान होतं, आणि तेही कारण न सांगता. अननुभवी माणूस तीच ओळ खरी धरून चालतो. शंका नेमकी लिहिली तर उलट मागणाऱ्याला फायदा होतो. ‘तारखा लांबल्या होत्या’ हे वाचून लोक तारखेपुरती काळजी घेतात. ‘चांगला आहे, बघा तुम्ही’ वाचून सगळ्याच बाबतीत साशंक होतात.

समोरच्याला शंका सांगणं म्हणजे बदनामी नाही का?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम 356 आहे. आधी ते भारतीय दंड संहितेत 499 होतं. त्याच्या अपवादांमध्ये एक असा आहे की दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याला सद्भावनेने सावध करणं ही बदनामी नव्हे. मात्र कायद्याच्या भाषेत सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. पुरेशी काळजी घेऊन, लक्ष देऊन केलेली गोष्ट, असा तिचा अर्थ आहे. कुणाकडून तरी ऐकलेलं पुढे ढकललं तर तो आडोसा मिळेलच असं नाही.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. जे स्वतः पाहिलं तेवढंच सांगा, ज्याला गरज आहे त्यालाच सांगा, आणि घटना सांगा, विशेषण लावू नका. ‘अडीच महिने उशीर झाला’ ही घटना आहे. ‘फसवा आहे’ हा निकाल आहे, आणि तो द्यायचा अधिकार तुमच्याकडे नाही. सोसायटीच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर कुणी विचारलं, ‘या माणसाचा कुणाला अनुभव?’, तर तिथे काही लिहू नका. विचारणाऱ्याला वेगळा फोन करा.

ऑफिसच्या रेफरल पोर्टलवर कुणी रिझ्युमे टाकायला सांगितला तर?

पोर्टलवर ‘तुम्ही यांना कसे ओळखता?’ असा रकाना असेल तर तोच तुमचा मित्र. ‘एकत्र काम केलेलं नाही, ओळखीतून रिझ्युमे आला’ असं खरंखरं भरलं की ती शिफारस राहत नाही, फक्त टपाल पोचवणं होतं. बहुतेक भरती करणाऱ्यांना हा फरक चांगला कळतो. एचआरच्या ओळखीच्या माणसाला नंतर खासगीत ‘जरा बघ ना’ म्हणालात की मात्र तो पुसला जातो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रेफरल बोनस असेल तर तो तुमच्या निवाड्यात डोकावतो, आणि मागणाऱ्यालाही ते माहीत असतं. ‘तुलाही पैसे मिळतील की’ हे वाक्य ऐकलं की जरा थांबा. दुसरं, बऱ्याच कंपन्यांत एकदा कुणाच्या नावाने रिझ्युमे नोंदला गेला की काही महिने तो त्याच्याच खात्यावर राहतो. तुम्ही अर्ध्या मनाने टाकलात, तर त्याच्यासोबत खरंच काम केलेल्या एखाद्याची मनापासूनची शिफारस अडू शकते. हे मागणाऱ्याला समजावलं तर तो स्वतःच दुसऱ्याकडे जातो, आणि यात खोटं काहीच नाही.

तुमच्याच टीममध्ये जागा असेल आणि त्याच्याबरोबर काम करायची तुमची इच्छा नसेल, तर टपालसुद्धा पोचवू नका.

नकार द्यायचाच आहे. कोणत्या शब्दांत?

थोडक्यात, लवकर आणि आपल्या बाजूने. ‘लवकर’ला फार महत्त्व आहे. आपल्याकडे ‘बघतो’, ‘बोलतो त्यांच्याशी’, ‘जरा हे महिनाअखेरचं होऊ दे’ असं म्हणून नकार दिला जातो. ऐकणारा त्यातला नकार ऐकत नाही. तो आठवड्याने पुन्हा विचारतो, मधल्या काळात दुसरीकडे प्रयत्न करत नाही, आणि शेवटी राग धरतो तो नकारापेक्षा या टांगून ठेवण्याचा.

सचोटीबद्दल शंका असेल तर कारण सांगायची सक्ती नाही: ‘यात मी नाव घालू शकत नाही. तुला ताटकळत ठेवायला नको म्हणून आजच सांगतो.’ कसबाबद्दल असेल तर: ‘तुमचं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे मी सांगून वजन पडणार नाही. ज्यांच्याकडे केलंय त्यांच्याकडून दोन शब्द लिहून आणा.’ वडीलधाऱ्यांना: ‘काका, त्यांच्याशी माझं नातं कामापुरतं आहे. तिथे मी कुणासाठीच शब्द टाकत नाही.’ हे शेवटचं खरं असेल तरच वापरा. गेल्याच महिन्यात तुम्ही चुलतभावासाठी तिथे शब्द टाकला असेल तर काकांना ते माहीत असतं.

खोटी कारणं टाळायची ती नीतीपेक्षा व्यवहारासाठी. ‘त्यांच्याकडे जागाच नाही’ म्हणालात आणि दोन दिवसांनी तिथली जाहिरात दिसली, की तुम्ही खोटे ठरता आणि तो माणूस परस्पर तिथे जाऊन तुमचं नाव घेतोच.

मी नाही म्हटलं, तर त्याने आईकडून निरोप आणला. आता?

हे होणारच. आईला शंकेचा तपशील सांगू नका. संध्याकाळपर्यंत तो मावशीकडे आणि तिथून त्या माणसाकडे पोचतो. आईला एवढंच सांगा की यात ऑफिसचा संबंध आहे आणि तुम्ही त्याच्याशी स्वतः बोलला आहात. मग त्याला फोन करून म्हणा, ‘आईला मधे घालू नकोस, माझं उत्तर तेच आहे.’ आणि त्याच फोनवर तुमच्या हातातली दुसरी मदत देऊ करा: त्याचं कोटेशन नीट लिहून देणं, रिझ्युमे वाचून सुधारणा सुचवणं. मदत खरी हवी. तोंडदेखली कळतेच.

ओळख आणि जामीन यात फरक कुठे?

ही रेघ पुसट आहे, म्हणून इथे थोडं थांबू. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 126 नुसार हमी लेखीच असावी लागते असं नाही, तोंडीही चालते. ‘त्याने पैसे दिले नाहीत तर मी देतो, तुम्ही माल द्या’ असं तुम्ही एखाद्या व्यापाऱ्याला म्हणालात आणि त्याने त्या भरवशावर उधारीवर माल दिला, तर ती नुसती ओळख राहिली नाही. कलम 128 म्हणतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. पतसंस्थेच्या कर्जाला सही करताना ‘आधी त्याच्याकडून वसूल करतील, मग माझ्याकडे येतील’ असं जे लोक धरून चालतात, ते बरोबर नाही. वसुली थेट जामीनदाराकडूनही सुरू होऊ शकते.

त्यामुळे शंका असलेल्या माणसासाठी उधारीच्या व्यवहारात ओळख देताना निरोपातच लिहा: ‘पैशाचं तुमचं तुम्ही ठरवा, माझी त्यात जबाबदारी नाही.’ कोरडं वाटतं, वाटू द्या. आणि पतसंस्थेत ‘नुसती ओळख म्हणून सही करा’ असं म्हणून कागद पुढे सरकवला तर सहीच्या वर काय छापलंय ते वाचा. तिथे ‘जामीनदार’ असेल तर ती ओळख नव्हे.

ओळख दिली, आणि काम बिघडलं. माझी जबाबदारी किती?

तुम्ही जे सांगितलं होतं तेवढी. उशिराची कल्पना दिली होती आणि उशीर झाला, तर एकदा दोघांशी बोला, तेही निरोप पोचवण्यापुरतं. जे तुम्हाला माहीत असून सांगितलं नव्हतं ते घडलं, तर समोरच्याला स्वतः फोन करून तसं कबूल करा आणि दुसरा माणूस शोधायला हातभार लावा. नुकसान पैशाने भरून देऊ नका. एकदा दिलंत की पुढच्या प्रत्येक ओळखीला तुम्ही जामीन आहात असंच धरलं जातं.

शंका पाच वर्षांपूर्वीची आहे. अजून धरायची का?

सवय आणि कसब बदलतात, म्हणून त्या शंकेसोबत साल सांगा: ‘हे 2019 मधलं, त्यानंतरचं मला माहीत नाही.’ शिवाय मागणाऱ्याकडून अलीकडच्या दोन गिऱ्हाइकांचे नंबर घ्या आणि त्यातल्या एकाला स्वतः फोन करा. ‘कसा माणूस आहे?’ असं विचारलंत तर ‘चांगला आहे’ असंच उत्तर येतं. ‘पुढचं काम त्यालाच द्याल का?’ असं विचारा. ‘हो’ म्हणण्याआधी समोरचा थोडा घुटमळला, तर का ते विचारा आणि त्याला बोलू द्या.